८० लाखांचा एबिटडा आणि भरलेलं सीसी खातं

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारे दोन भाऊ सहा नव्या रेपियर मागांसाठी कर्ज मागायचं म्हणून माझ्याकडे फाइल घेऊन आले. मी बँकेला द्यायचे कर्जप्रस्ताव तयार करतो. फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: एबिटडा ८० लाख. थोरला म्हणाला, "साहेब, वर्षाला ऐंशी लाख सुटतात, मग बँकेला अडचण काय?" धाकटा मात्र गप्प होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "अण्णा, ऐंशी सुटतात तर दर शनिवारी पगाराला मी सीसीतून का उचलतो?"

सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत हवं तेव्हा उचलायचं आणि वसुली आली की परत भरायचं कर्जखातं. पुढचं सगळं धाकट्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या कारखान्याचा किंवा दुकानाचा ताळेबंद समोर घेऊन वाचलात तर जास्त उपयोग होईल. आकडे मी पूर्णांकात आणि सोपे करून घेतले आहेत, सगळे लाखांत.

एबिटडा म्हणजे व्याज, कर, घसारा, आणि सॉफ्टवेअर किंवा ट्रेडमार्क अशा गोष्टींची वर्षावर्षावर वाटून टाकलेली किंमत, हे चार खर्च वजा करण्याआधीचा नफा. कारखान्यात घसारा मोठा असतो आणि चौथी गोष्ट बहुधा नसतेच, म्हणून तिला इथेच सोडू. कंपनी कायद्यातल्या नफा-तोटा पत्रकाच्या नमुन्यात एबिटडा नावाची ओळ नाही, भागीदारी पेढीच्या पत्रकात तर नाहीच. त्यामुळे तो काढणाऱ्याच्या हातात बराच मोकळेपणा राहतो, आणि पहिली गडबड तिथेच होते.

पायरी १: आकडा दोन्ही बाजूंनी काढा

बहुतेक जण खालून वर जातात: निव्वळ नफा घ्यायचा आणि त्यात कर, व्याज, घसारा परत मिळवायचा. या भावांचा निव्वळ नफा २०, कर ९, व्याज २७, घसारा २४. बेरीज ८०. हिशोबात चूक काही नाही.

आता वरून खाली या. विक्री ९००. सूत, रंग आणि रसायनं ५८५, बाहेरून करून घेतलेली रंगाई आणि प्रोसेसिंग ६३, मजुरी ९६, वीज ५४, वाहतूक, दलाली, दुरुस्ती वगैरे ३०. एकूण खर्च ८२८. उरले ७२.

८० आणि ७२ यांतले ८ लाख टॉवेल विकून आलेले नाहीत. ३ लाख मुदत ठेवीचं व्याज आहे, आणि ५ लाख विम्याचे. आदल्या पावसाळ्यात गोदामात पाणी शिरून सूत भिजलं, तोटा आदल्या वर्षी लिहिला गेला आणि दावा या वर्षी मंजूर झाला. पैसे खरेच आले, पण पुढच्या वर्षी ते येण्यासाठी पुन्हा गोदाम बुडावं लागेल. बँकेचा अधिकारी 'इतर उत्पन्न' ही ओळ आधी बघतो ती याचसाठी. दोन्ही बाजूंचे आकडे जुळले नाहीत की फरक कुठल्या ओळीत आहे ते शोधायचं, आणि धंद्याच्या कमाईसाठी वरून काढलेला आकडा धरायचा. म्हणून इथून पुढे आपला आकडा ७२.

पायरी २: 'यंदाच झालेला खर्च' तीन वर्षांच्या खात्यात तपासा

थोरल्याला ७२ पटेना. त्याचं म्हणणं, दुरुस्तीत ४ लाख जॅकार्डच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांवर गेले, ते काही दरवर्षी होत नाही, तेवढे तरी परत मिळवा. मी दुरुस्ती खात्याची तीन वर्षांची पानं काढायला सांगितली. आदल्या वर्षी ट्रान्सफॉर्मर, त्याच्या आदल्या वर्षी कॉम्प्रेसर. दरवर्षी वेगळी वस्तू, पण रक्कम जवळपास तेवढीच. असा खर्च 'एकदाच झालेला' म्हणून परत मिळवता येत नाही. त्याचं नाव बदलतं, तो जात नाही.

याच्या उलट खेळही चालतो. रोजची दुरुस्ती खर्चात न टाकता 'यंत्रसामग्री' या खात्यात टाकली, की ती घसाऱ्याच्या वाटेने हळूहळू खर्ची पडते आणि एबिटडा तेवढा फुगतो. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने हेच प्रचंड प्रमाणावर केलं. दुसऱ्यांच्या दूरध्वनी लाइन वापरण्याचं भाडं तिने भांडवली खर्च म्हणून दाखवलं, आणि जून २००२ मध्ये कंपनीलाच ३.८ अब्ज डॉलरहून जास्त रकमेची ही चुकीची नोंद कबूल करावी लागली. आपल्याकडे एवढं मोठं काही नसतं, पण सवय तीच. यंत्रसामग्रीत वर्षभरात काय काय वाढलं, त्याची बिलं एकदा डोळ्यांखालून घाला. बेअरिंग, पट्टा, वायंडिंग अशी बिलं तिथे सापडली तर ती एबिटडातून वजा करा. या भावांची १० लाखांची वाढ मात्र खरी होती. जुना कॉम्प्रेसर पूर्ण निकामी झाला होता, त्याच्या जागी नवा आला, आणि बीम भरायच्या यंत्राचा एक मोठा भाग बदलला.

पायरी ३: ७२ पासून बँक खात्यापर्यंत उतरा

मुख्य पायरी ही. इथे घाई करू नका. एबिटडा जे जे सोडून देतो ते एकेक करून परत वजा करत जायचं, आणि शेवटी उरलेला आकडा बँक खात्याशी जुळतो का ते बघायचं.

सगळ्यात आधी खेळतं भांडवल घ्या, कारण एबिटडाला ते दिसतच नाही. टॉवेल ट्रकमध्ये चढला आणि बिल फाटलं की विक्री झाली, नफा झाला, एबिटडा झाला. पैसे आले का, हा प्रश्न एबिटडा विचारत नाही. या वर्षी भावांची व्यापाऱ्यांकडची उधारी १५० वरून १८५ झाली. सूत आणि तयार माल मिळून साठा १२० वरून १४० झाला. म्हणजे ५५ लाख माल आणि उधारीत अडकले. त्यांनी दुसऱ्यांचं द्यायचं देणं ९० वरून १०५ झालं, म्हणजे १५ लाखांची उसंत मिळाली. निव्वळ ४० लाख अडकले.

ही वाढ का झाली? विक्री वाढवायची म्हणून त्यांनी नव्या गिऱ्हाइकांना ६० ऐवजी ९० दिवसांची उधारी दिली. सोलापुरात वसुलीला गेलं की गड्ड्याची यात्रा होऊ दे, मग लग्नसराई होऊ दे, मग मार्चअखेर होऊ दे, असं ऐकायला मिळतं. देणं मात्र तसं लांबवता येत नाही. सुताचा व्यापारी उशीर झाला की व्याज लावतो. शिवाय सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेल्या रंगाईवाल्याचं बिल कायद्याच्या मुदतीत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही तर तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरता येतो. म्हणून उधारी आणि देण्यातली दरी वाढली की ती भरून काढायला सीसीच उरते.

७२ मधून ४० गेले, उरले ३२. पुढची उतरण अशी:

- कर ९. उरले २३.
- व्याज २७, त्यात मुदत कर्जाचं १२ आणि सीसीचं १५. आता आकडा शून्याखाली गेला: उणे ४.
- मुदत कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते २०. उणे २४.
- यंत्रसामग्री १०. उणे ३४.
- दोन घरांसाठी दोघांची उचल, महिना दीड लाख, वर्षाची १८. उणे ५२.
- इतर उत्पन्नाचे ८ इथे मिळवायचे, कारण रोकड म्हणून ते खरेच आले. उणे ४४.

एबिटडा ८० दाखवणारा कारखाना वर्षभरात ४४ लाखांनी कमी पडला. ते आले कुठून? सीसीची बाकी ११० वरून १४० झाली, म्हणजे ३०, आणि सासरकडच्या नातेवाइकांकडून १४ हातउसने घेतले. ३० आणि १४ म्हणजे बरोबर ४४. हा मेळ बसलाच पाहिजे. तुमच्या हिशोबात तो बसत नसेल तर एखादी उचल, एखादं हातउसनं किंवा एखादी रोख खरेदी वहीत आलेली नाही असं समजा, आणि ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

उतरणीतल्या २० लाखांच्या मुद्दलाबद्दल थोडं थांबतो, कारण नवे लोक सर्वांत जास्त इथे चुकतात. व्याज हा खर्च आहे, तो नफा-तोटा पत्रकात दिसतो. मुद्दलाची फेड हा खर्च नव्हे, म्हणून ती तिथे कुठेच दिसत नाही, ना एबिटडात ना निव्वळ नफ्यात. ती फक्त ताळेबंदात, कर्जाची बाकी कमी झाली म्हणून, दिसते. ज्याने फक्त नफा बघितला त्याला हप्ता कुठून जातो ते कळतच नाही.

आणि घसारा? थोरला म्हणाला, "तो तर कागदावरचा खर्च, खिशातून काही जात नाही." अर्धं खरं आहे. या वर्षी जात नाही, कारण माग घेतला त्या दिवशी एकदम गेला, आणि माग थकेल त्या दिवशी पुन्हा एकदम जाईल. वॉरेन बफे यांनी आपल्या भागधारकांना लिहिताना एकदा विचारलं होतं, की भांडवली खर्चाचे पैसे काय दातांची परी आणून देते असं व्यवस्थापनाला वाटतं का. (तिकडे लहान मुलांचा पडलेला दात उशीखाली ठेवला की परी पैसे ठेवून जाते. आपल्याकडे दात छपरावर टाकतात आणि पैसे कोणी देत नाही.) एबिटडाचा वापर रुजला तोच मुळी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन मलोन यांच्या टीसीआय या केबल टीव्ही कंपनीत. केबल एकदा जमिनीत गेली की वर्षानुवर्षं गिऱ्हाईक पैसे देत राहतं, आणि त्या धंद्यात घसारा बाजूला ठेवून बघण्याला काही तर्क होता. टॉवेलच्या मागाचं तसं नाही. जुना साधा माग वडिलांच्या काळापासून तेल घालून चालत आला. रेपियर मागाच्या पट्ट्या, पकडी, इलेक्ट्रॉनिक भाग झिजतात आणि बदलावेच लागतात. म्हणून यंत्रावर चालणाऱ्या धंद्यात मी निदान घसाऱ्याइतकी रक्कम यंत्रांसाठी राखून ठेवलेली धरतो. या भावांचा घसारा २४ आणि यंत्रांवरचा प्रत्यक्ष खर्च १० आहे, म्हणजे १४ लाखांचा खर्च पुढच्या वर्षांवर ढकलला गेला आहे.

पायरी ४: बँक जो भागाकार करते तो स्वतः करा

मुदत कर्ज देताना बँक डीएससीआर काढते, म्हणजे हप्ता आणि व्याज भरायची ऐपत. करानंतरचा नफा, घसारा आणि मुदत कर्जाचं व्याज यांची बेरीज वर, वर्षाचा हप्ता आणि तेच व्याज यांची बेरीज खाली. भावांचं वर २० + २४ + १२ = ५६, खाली २० + १२ = ३२. भागाकार १.७५. बँका साधारण दीडच्या आसपास असला की समाधानी असतात, म्हणून थोरल्याचा चेहरा खुलला.

पण विम्याचे आणि ठेवीचे ८ लाख काढा. त्यावरचा कर वाचेल, नफा साडेचौदाच्या आसपास येईल, आणि भागाकार १.५८ होईल. आता घरखर्चाची १८ लाखांची उचल वजा करा, कारण दोघं भाऊ जेवल्याशिवाय कारखाना चालवणार नाहीत. वर साडेबत्तीस राहतात, खाली ३२. भागाकार जेमतेम १.०२. भागीदारीत आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्यात ही उचल नफ्याच्या खालून जाते, म्हणून अनुभवी अधिकारी ती भांडवल खात्यातून शोधून काढतो. (त्यांच्या भागीदारीपत्रात भागीदारांच्या मानधनाचं कलम नव्हतं, त्यामुळे ते उगाच जास्त करही भरत होते. तो विषय निराळा, पण सीएला जरूर विचारा.)

आणि इतकं करूनही डीएससीआर त्या ४० लाखांबद्दल काही बोलत नाही. उधारीत अडकलेला पैसा त्यालाही दिसत नाही. म्हणून बँकवाले शेवटी सीसीच्या उताऱ्याकडे वळतात. तुम्हीही बारा महिन्यांच्या उताऱ्यातून प्रत्येक महिन्यातली सर्वांत कमी बाकी एका कागदावर लिहा. टॉवेलच्या धंद्यात मोठी वसुली आली की सीसी खाली उतरली पाहिजे, आणि सूत भरलं की वर गेली पाहिजे. भावांची मर्यादा १५० होती, आणि शेवटच्या सात महिन्यांत बाकी एकदाही १२५ च्या खाली आली नव्हती. म्हणजे त्या १२५ लाखांचं नाव सीसी असलं तरी ते खेळत नाहीत. ते कायमचं कर्ज झालेत, फक्त त्याला हप्ता नाही.

पायरी ५: हिस्सा द्यायचा-घ्यायचा असेल तर पटीचा हिशोब दोनदा तपासा

ही पायरी मालकांसाठी. दोघांच्या बोलण्यात वाटणीचा विषय आला होता. थोरल्याने कुठेतरी ऐकलं होतं की धंद्याची किंमत एबिटडाच्या पाचपट धरतात, त्यातून कर्ज वजा करायचं आणि उरेल ते निम्मं निम्मं. पट किती धरायची हे त्या दोघांनी ठरवायचं, मी पाच हीच घेतली.

कर्ज सगळं मिळून २५९: मुदत कर्ज १०५, सीसी १४०, हातउसने १४. एबिटडा ८० धरला तर पाचपट ४००, कर्ज वजा जाता १४१, प्रत्येकाला साडेसत्तर लाख. ७२ धरला तर ३६०, उरतात १०१, प्रत्येकाला साडेपन्नास. विम्याचा दावा आणि ठेवीचं व्याज यांनी एका माणसाच्या हिश्शात २० लाखांचा फरक पाडला.

पुढचं ऐकून दोघंही गप्प झाले. आज दोघं भाऊ दिवसभर कारखान्यात राबतात आणि त्यांचा पगार खर्चात नाही. उद्या एकजण गेला की त्याच्या जागी मॅनेजर ठेवावा लागेल, आणि राहणाऱ्याच्या कामालाही मोल आहेच. तो पगार म्हणून उचलीचेच १८ लाख धरले, तर एबिटडा ५४ होतो. पाचपट २७०, कर्ज वजा जाता ११. प्रत्येकाला साडेपाच लाख. शिवाय शेड आईच्या नावावर आहे आणि भाडं नाही. वर्षाला ६ लाख भाडं धरलं, तर एबिटडा ४८, पाचपट २४०, आणि कर्ज त्याहून जास्त. हातात काहीच येत नाही.

यातला कुठला आकडा खरा? जो हिस्सा विकतो त्याला ८० खरा वाटतो, जो घेतो त्याला ४८. माझ्या मते घरच्या माणसांचा पगार आणि घरच्या जागेचं भाडं धरल्याशिवाय पाचपट करूच नये, कारण दुसरा कोणी कारखाना घेईल तेव्हा त्याला दोन्ही द्यावे लागतील. भाड्याबद्दल एक बारीक गोष्ट: शेअर बाजारातल्या कंपन्यांशी तुलना करायला जाऊ नका. त्यांच्या हिशोबात १ एप्रिल २०१९ पासून बहुतेक दीर्घ मुदतीच्या भाड्याची नोंद घसारा आणि व्याज अशी होते, म्हणजे भाडं एबिटडाच्या बाहेर पडलेलं असतं. तुमचं मात्र आतच असतं.

एवढं सांगूनही एबिटडा काढूच नये असं मी म्हणणार नाही. दोन टॉवेल कारखान्यांपैकी एकाने कर्ज काढून माग घेतले आणि दुसऱ्याने स्वतःच्या पैशांनी, तर विणकामात कोण जास्त कमावतो ते व्याज बाजूला ठेवूनच कळतं. ९०० च्या विक्रीवर ७२, म्हणजे ८ टक्के, आणि आदल्या वर्षी तो साडेआठ होता, हे समजलं की सुताचा भाव वाढला तरी टॉवेलचा वाढवता आला नाही हेही समजतं. तुलनेसाठी तो उपयोगी आहे. हप्ता भरण्यासाठी नाही.

भावांचा प्रस्ताव आम्ही बदलला. सहाऐवजी दोन माग, पहिल्या पानावर ७२ आणि त्याखालीच उणे ४४ ची पूर्ण उतरण. थोरल्याला भीती होती की असं उघड लिहिलं तर बँक हाकलून देईल. अधिकाऱ्याने तेच पान सर्वांत जास्त वेळ वाचलं, आणि एकच अट घातली: १८५ ची उधारी सहा महिन्यांत १५५ वर आणा, मग पुढचं बोलू. त्या आठवड्यापासून धाकटा दर बुधवारी विणकाम सोडून वसुलीला जातो.